अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा एसएमएस: चार-पाच ओळींत वेळ, जागा आणि उत्तर कसं बसवायचं

दवाखान्यातून, क्लासमधून किंवा एखाद्या सल्लागाराच्या ऑफिसातून जाणारे आठवणीचे एसएमएस पाहिले, तर एक गोष्ट सारखी दिसते. लिहिणाऱ्याने ते पत्रासारखे लिहिलेले असतात आणि वाचणारा मात्र ते नोटिफिकेशनसारखे वाचतो. फोन खिशातून अर्धवट बाहेर काढायचा, पडद्यावरच्या दोन ओळींवर नजर टाकायची आणि परत आत ठेवायचा. त्या दोन ओळींत "कळविण्यात येते की" असेल, तर वेळ खालीच राहते.

एक नेहमीचा नमुना घेऊ. दाताच्या दवाखान्यातला आहे.

```
प्रिय रुग्ण, आपणांस कळविण्यात येते की आपली दंत तपासणीची अपॉइंटमेंट उद्या 11 वाजता निश्चित करण्यात आली आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे. येणे शक्य नसल्यास कळवावे. धन्यवाद.
```

भाषा शुद्ध आहे, सूर नम्र आहे, तरी निरोप निकामी आहे. कोणाकडून आला ते कळत नाही. "उद्या" म्हणजे कुठला दिवस ते कळत नाही. कुठे जायचं ते लिहिलेलंच नाही. "कळवावे" आहे, पण कोणाला, कसं, कधीपर्यंत, याचा पत्ता नाही. "दंत तपासणीची" हे मात्र आहे, जे रुग्णाला आधीच माहीत आहे आणि शेजारी बसलेल्या माणसाला कळायची काही गरज नाही.

याच निरोपाला सरळ करत जाऊ. मी दवाखान्याचं उदाहरण धरलंय, कारण तिथे चूक झाली तर रिकामी खुर्ची लगेच दिसते. पद्धत सगळीकडे तीच.

सुरुवात उत्तरापासून

बहुतेक लोक आधी निरोप लिहितात आणि शेवटी उत्तराची ओळ चिकटवतात. उलट करा. कागद घ्या आणि लिहा: या एसएमएसला कोणती उत्तरं आली तर मला उपयोग होईल? दवाखान्याला खरं तर दोनच हवी असतात, "येतोय" आणि "वेळ बदला". "येणार नाही, नवी वेळही नको" हे तिसरं उत्तर क्वचित येतं आणि ते बदलाच्या फोनवर आपोआप कळतं. त्यामुळे पर्याय दोनच ठेवा. चार पर्याय दिले की माणूस "नंतर बघू" म्हणून फोन बाजूला ठेवतो.

मग एक तांत्रिक गोष्ट तपासायची, आणि ती आधीच तपासायची: ज्या नंबरवरून एसएमएस जाणार आहे, त्यावर उत्तर येतं का? साध्या मोबाइल नंबरवरून पाठवत असाल तर येतं. पण एसएमएस पाठवणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत जात असेल आणि पाठवणाऱ्याच्या जागी नंबराऐवजी अक्षरांचं नाव दिसत असेल, तर त्या नावाला उत्तर पाठवता येत नाही. तरीही असल्या निरोपांत "1 पाठवून कळवा" लिहिलेलं सर्रास सापडतं. रुग्ण 1 पाठवायला जातो, ते जात नाही, तो नाद सोडतो, आणि इकडे वाटतं की लोक उत्तरच देत नाहीत.

तुमचा प्रकार अक्षरी नावाचा असेल, तर उत्तराची ओळ बदलावी लागेल: "वेळ बदलायची तर फोन करा", आणि पुढे नंबर. हा नंबर 0 ते 9 या इंग्रजी अंकांतच लिहा आणि मध्ये शब्द घालू नका, म्हणजे फोन त्याला नंबर म्हणून ओळखतो आणि बोट लावलं की कॉल लागतो. देवनागरी अंकांत लिहिलेल्या नंबरच्या बाबतीत तसं होईलच याची खात्री नसते. तो कॉल घ्यायला त्या वेळेत कोणी बसलेलं असतं का, हेही बघा.

उत्तर एसएमएसने येत असेल तर पुढचा प्रश्न, ते कोण वाचणार? रिसेप्शनचा फोन संध्याकाळी ड्रॉवरमध्ये जात असेल, तर रात्री आलेला "2" सकाळी दहाला दिसेल. म्हणूनच उत्तराला मुदत लागते. गुरुवारी सकाळची वेळ असेल तर मुदत बुधवार दुपारची ठेवा, म्हणजे ज्यांचं उत्तर नाही त्यांना फोन करायला आणि मोकळी झालेली वेळ दुसऱ्याला द्यायला अर्धा दिवस हातात राहतो. या हिशेबाने निरोप मंगळवारी सकाळी जायला हवा. आठवडाभर आधी पाठवला तर विसरला जातो, आदल्या रात्री पाठवला तर बदलायला वेळच उरत नाही.

1 आणि 2 च का

"हो किंवा नाही पाठवा" हे वाचायला सोपं वाटतं, पण उत्तरं बघितली की कळतं. "हो", "होय", "ho", "येते", "ok", "बरं", नुसता अंगठा. माणूस वाचत असेल तर चालतं, पण उत्तरं यंत्राने वेगळी काढायची असतील तर निम्मी बाहेर पडतात. त्यात "नाही" फारच घातक. "येणार नसाल तर कळवा" असं लिहिलं आणि समोरून "नाही" आलं, तर तो येणार नाही की त्याचं "तसं काही नाही, येतोय"? दोन्ही अर्थ लागतात. म्हणून प्रश्न नकारार्थी ठेवायचाच नाही.

एक अंकी उत्तराला टायपिंग लागत नाही आणि गोंधळही होत नाही. फक्त एक छोटी खाच आहे. ज्यांचा कीबोर्ड मराठी आहे त्यांच्याकडून "1" ऐवजी "१" येऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही एकच, पण संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत. उत्तरांची छाननी आपोआप होत असेल तर दोन्ही स्वीकारायला सांगा, आणि "1 ", "1.", "१ येतो" हेही. बाकी जे काही येईल ते माणसाने वाचायच्या यादीत जाऊ द्या.

आणखी एक प्रसंग नेहमी येतो. आई आणि मुलगा, दोघांची वेळ एकाच दिवशी, आणि दोघांच्या नावापुढे नंबर आईचाच. दोन निरोप जातात, एक "1" परत येतो. कोणाचा? असं असेल तर दोन्ही वेळा एकाच निरोपात घ्या आणि एकच उत्तर मागा. ते जमत नसेल तर पहिल्या ओळीत "तुमची" काढून पहिलं नाव टाका. आडनाव नको, दोघांचं तेच असण्याची शक्यता जास्त.

आता लिहूया

पहिल्या ओळीत कोण, दुसरीत कधी, तिसरीत कुठे, मग उत्तर आणि मुदत. हा क्रम मी बदलत नाही. डॉक्टरांच्या नावाच्या जागी इथे "अबक" ठेवलंय.

```
डॉ. अबक, तुमची वेळ:
गुरुवार 14 मे, सकाळी 11 वाजता
स्टेशनसमोरची शाखा, दुसरा मजला
येणार तर 1, वेळ बदलायची तर 2
बुधवार दुपारपर्यंत पाठवा
```

"प्रिय", "कृपया", "धन्यवाद" काहीच नाही, तरी उद्धट वाटत नाही, कारण "तुमची" आणि "पाठवा" यांत आदर आहेच. ज्यांना "नमस्कार" घातल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी घालावा, पण जागा मोजून. त्याचं गणित पुढे येतंय.

वेळेच्या ओळीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. "उद्या" नको, कारण एसएमएस पाठवल्या क्षणी पोहोचतोच असं नाही. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर तो थांबून राहतो आणि नंतर पोहोचतो. पोहोचला तरी माणूस तो लगेच वाचतो असं नाही. बुधवारी निघालेलं "उद्या" गुरुवारी सकाळी वाचलं तर शुक्रवार होतो. "येत्या गुरुवारी", "पुढच्या गुरुवारी" हेही तसंच. मंगळवारी "पुढचा गुरुवार" म्हटलं की एकाला परवाचा वाटतो, दुसऱ्याला त्याच्या नंतरच्या आठवड्यातला.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसती तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही, नुसता वार आठवड्याच्या फरकाने चुकतो. दोन्ही असले की एक जादा फायदा मिळतो: तुमची चूक झाली असेल तर पकडली जाते. 14 तारखेपुढे बुधवार आला, तर चार तरी लोक फोन करून विचारतील. म्हणून पाठवण्याआधी कॅलेंडर उघडून वार-तारीख जुळवायची, दर वेळी. महिना नावाने लिहा. 5/6 म्हणजे 5 जून की 6 मे, हा वाद कशाला?

तास अंकात लिहा आणि त्याआधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी यातलं एक लावा. बोलताना आपण "दीड", "अडीच", "पावणेबारा" म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही, पण निरोपात 1:30, 2:30, 11:45 असू द्या. फोनवर वेळ ठरताना "अडीच" ऐकलं आणि वहीत "3:30" लिहिलं, असं झालं असेल तर रुग्णाला ते अंकात वाचतानाच खटकेल. बाराचं विशेष सांभाळा. "12 वाजता" एवढंच लिहिलेलं बहुतेक लोक दुपार धरतात, पण "दुपारी 12" लिहिलं की धरायचं काही उरत नाही.

आणि वेळ एकच द्या. "11 ते 11:30" वाचणारा 11:30 ला येतो. "वेळ 11 ची, 15 मिनिटं आधी या" वाचणारा एक तर 11 लक्षात ठेवतो, नाहीतर 10:45 ला आपली तपासणी सुरू होणार असं समजून रुसतो. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागणार असतील तर निरोपात 10:45 च लिहा. आतला हिशेब आत ठेवा.

जागेची ओळ रुग्ण नवा की जुना यावर ठरते. जुन्याला फक्त शाखा पुरते, आणि तुमची जागा एकच असेल तर तेही नको. नव्याला खूण आणि मजला लागतो. पूर्ण पत्ता मात्र कोणालाच लागत नाही. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड हे सगळं एसएमएसमध्ये टाकलं तर वेळ आणि उत्तर यांच्यामध्ये भिंत उभी राहते. नव्या रुग्णाला नकाशाची लिंक द्यायची असेल तर ती वेळ ठरते त्याच दिवशी वेगळ्या निरोपात पाठवा. आठवणीच्या निरोपात लिंक आली की अनेकांना तो फसवणुकीचा वाटतो, आणि तसं वाटणं योग्यच आहे. त्याच कारणाने वेळ ठरवतानाच तोंडी सांगून ठेवा की आमचा निरोप या नंबरवरून किंवा या नावाने येईल.

काय लिहायचं नाही, तेही ठरवून टाका. कोणती तपासणी, कोणता विभाग, कोणता रिपोर्ट, काही नाही. लॉक असलेल्या पडद्यावरही निरोप दिसतो आणि फोन टेबलावर उताणा पडलेला असतो. डॉक्टरांचं नाव पुरेसं आहे. दवाखान्याच्या नावातच आजार असेल, तर पाठवणाऱ्याचं नाव निवडताना हा विचार करा. "उपाशीपोटी या" सारखी सूचना गरजेची असते, ती राहू द्या. तिच्यावरून आजार कळत नाही आणि ती विसरली तर फेरी फुकट जाते.

अक्षरं मोजायची कशी

आता तो हिशेब. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. साधी इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत दाबून भरली जातात, म्हणून ती 160 बसतात. देवनागरी अक्षराला दोन बाइट लागतात, म्हणून ती 70 च. निरोप 70 च्या पुढे गेला की तो तुकड्यांत जातो, आणि तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात सहा बाइट खाते. म्हणजे तीन अक्षरं गेली, उरली 67. दोन तुकड्यांत 134, तीन तुकड्यांत 201. एकगठ्ठा एसएमएस पाठवणाऱ्या सेवा सहसा तुकड्यागणिक पैसे घेतात.

इथे "अक्षर" म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "मे" म्हणजे दोन. "प्रिय" दिसायला दोन, मोजायला पाच: प, हलन्त, र, वेलांटी, य. जागा सोडली ती एक, ओळ बदलली ती एक. अंगठा किंवा हसरा चेहरा टाकला तर किमान दोन. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्हही टाकतात, तेही एक धरलं जातं.

बोटांवर मोजायची गरज नाही. निरोप स्प्रेडशीटच्या एका घरात ठेवा आणि शेजारच्या घरात हे लिहा:

```
=LEN(A2)
```

एसएमएसला लागते तीच मोजणी मिळते, काना-मात्रा-जागा सगळं धरून. अनेक फोनमध्ये एसएमएस लिहिताना चौकटीपाशी उरलेली अक्षरं आणि तुकड्यांची संख्या दिसते, तेही चालेल.

सुरुवातीचा "प्रिय रुग्ण" वाला निरोप मोजला तर 170 भरतो, म्हणजे तीन तुकडे. त्यातला पहिला तुकडा, पहिली 67 अक्षरं, "अपॉइंटमेंट" या शब्दानंतरच्या जागेशी संपतो. "उद्या 11 वाजता" पूर्णच्या पूर्ण दुसऱ्यात. तुकडे एरवी फोनमध्ये जोडून दिसतात, पण एखादा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर हाती उरतं ते "प्रिय रुग्ण, आपणांस कळविण्यात येते की आपली दंत तपासणीची अपॉइंटमेंट". नेमकं नको ते.

आपला नवा निरोप 133 भरतो. दोन तुकडे, एक अक्षर शिल्लक. पहिला तुकडा "स्टेशनसमोरची शाखा" इथे संपतो, म्हणजे कोण, कधी आणि कुठे हे पहिल्यातच आलं. दुसरा रखडला तरी माणूस पोहोचेल, फक्त उत्तर देणार नाही. हा क्रम निवडण्याचं हे मुख्य कारण.

एक अक्षर शिल्लक ठेवून खूश होण्यासारखं मात्र काही नाही. हा निरोप मे महिन्याचा आहे, आणि "मे" हा वर्षातला सगळ्यात स्वस्त महिना. तोच साचा फेब्रुवारीतल्या शुक्रवारी संध्याकाळसाठी वापरून बघा:

```
शुक्रवार 13 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:30 वाजता
```

आधीची वेळेची ओळ 29 होती, ही 45 झाली. मुदतीत "बुधवार" चा "गुरुवार" झाला, आणखी एक. एकूण 150, तिसरा तुकडा सुरू. साचा नेहमी असा सर्वांत लांब तारखेवर मोजायचा, सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब शाखा घालून. मे महिन्यात तयार केलेला साचा फेब्रुवारीत बिल वाढवतो आणि कारण कोणाला सापडत नाही.

150 चे 134 कसे करायचे? 16 काढायचेत. "वाजता" आणि त्याआधीची जागा गेली की 6 सुटतात, "संध्याकाळी 5:30" तेवढंच स्पष्ट राहतं. "फेब्रुवारी" चं "फेब्रु." केलं की 3. आणि जुन्या रुग्णांसाठी ", दुसरा मजला" काढला की 12. झाले 129, पाच शिल्लक. नव्या रुग्णाला मजला हवाच, तर त्याच्या निरोपाला तिसरा तुकडा जाऊ द्या. मजला शोधत जिना चढून-उतरून वैतागलेला माणूस त्या तुकड्यापेक्षा महाग पडतो. माझा नियम साधा आहे: आधी नम्रतेचे शब्द काढा, मग "वाजता" सारखे पुसले तरी अर्थ न बदलणारे शब्द, मग महिन्याचं संक्षिप्त रूप. वार, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यांना हात लावायचा नाही. "शुक्र. सायं." असं करत गेलं की निरोप आगगाडीच्या वेळापत्रकासारखा दिसायला लागतो आणि वयस्कर वाचक अडखळतात.

काही जण 160 च्या लोभाने मराठी रोमन लिपीत लिहितात. ज्यांना तशी सवय आहे ते वाचतात, पण ज्यांना सगळ्यात जास्त आठवणीची गरज असते त्या पिढीला ते वाचणं जड जातं. शिवाय त्या निरोपात एकच "डॉ." देवनागरीत राहिला, किंवा दुसरीकडून चिकटवताना तिरकं अवतरणचिन्ह आलं, तर पूर्ण निरोप 70 च्या हिशेबात जातो. मी देवनागरीच वापरते आणि कमी लिहिते.

उत्तर आल्यावर

"1" आला तर काही पाठवायची गरज नाही. "2" आला तर मात्र लगेच काहीतरी परत जायला हवं, नाहीतर रुग्णाला कळत नाही की जुनी वेळ अजून आपलीच आहे की गेली. हे आधी तुमचं तुम्ही ठरवा. मी तरी "2" आला की वेळ मोकळी करते, आणि तसं स्पष्ट लिहिते:

```
निरोप मिळाला. 14 मेची वेळ रद्द. नव्या वेळेसाठी फोन करू.
```

हा 55 चा आहे, एका तुकड्यात जातो. "फोन करू" लिहिलं की फोन करायचा, त्याच दिवशी. नाहीतर "तुम्ही फोन करा" लिहा.

मुदत उलटली आणि काहीच आलं नाही, तर त्याचा अर्थ "येणार" असा धरू नका आणि वेळ परस्पर रद्दही करू नका. निरोपात तसं काही लिहिलेलं नाही. बुधवारी दुपारी यादी घ्या आणि फोन लावा. उत्तर न देणाऱ्यांत दोन प्रकार निघतील: विसरलेले, आणि ज्यांच्यापर्यंत निरोप पोहोचलाच नाही. दुसऱ्या प्रकारात नंबर बदललेला असतो, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

त्या दिवशी सकाळी एक छोटा निरोप पाठवायचा असेल तर त्यात उत्तर मागू नका, आता मागून करणार काय?

```
डॉ. अबक: आज, 14 मे, सकाळी 11 वाजता, स्टेशनसमोरची शाखा.
```

"आज" बरोबर तारीख लिहिली आहे, त्यामुळे निरोप उशिरा वाचला तरी फसगत होत नाही. सकाळी सहाला मात्र पाठवू नका. 11 च्या वेळेसाठी आठ-साडेआठ ठीक.

दवाखान्याकडूनच वेळ बदलली तर

हा वेगळा प्रसंग आहे आणि साचा तसाच वापरून चालत नाही. रुग्णाच्या फोनमध्ये जुना निरोप पडून असतो, खाली नवा येतो. दोन्ही एकसारखे दिसले तर तो कुठलाही एक धरेल, बहुधा आधी पाहिलेला. म्हणून पहिला शब्दच वेगळा हवा, आणि जुनी वेळ रद्द झाली हे नव्या वेळेच्या आधी यायला हवं:

```
बदल! डॉ. अबक
14 मेची वेळ रद्द.
नवी वेळ: शनिवार 16 मे, सकाळी 10
जमेल तर 1, नाही जमत तर 2 पाठवा
```

इथे उत्तर न येणं धोक्याचं आहे, कारण रुग्ण जुन्या वेळेला येऊन उभा राहील. आठवणीच्या निरोपाला तुम्ही उत्तरासाठी एक दिवस थांबलात, इथे दोन-तीन तासांत फोन लावा.

पाठवण्याआधीची चाचणी

साचा तयार झाला की आधी स्वतःच्या फोनवर पाठवा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या प्रकारच्या एका फोनवर. निरोप उघडू नका. फोन लॉक ठेवून पडद्यावर काय दिसतं ते बघा. वेळ दिसली पाहिजे, आजार दिसता कामा नये. मग उघडा आणि ओळी जिथे तोडल्या तिथेच तुटल्यात का ते पाहा. काही सेवा ओळीची मोड गिळून टाकतात आणि "वाजता" ला "स्टेशनसमोरची" चिकटतं. तसं होत असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम आणि एक जागा ठेवा, आणि पुन्हा मोजा. मग "1" पाठवा, "१" पाठवा, "हो" पाठवा, आणि तिन्ही उत्तरं कुठे पोहोचली ते रिसेप्शनच्या बाजूने जाऊन बघा.

यादीतून एकगठ्ठा पाठवत असाल तर एक रिकामं घर मुद्दाम ठेवून बघा. नाव किंवा शाखा भरायची राहिली तर काही ठिकाणी निरोपात कंसातला कोड तसाच जातो, काही ठिकाणी नुसती रिकामी ओळ. दोन्ही बाबतीत तो निरोप थांबवून वेगळा काढण्याची सोय आहे का, हे सेवा देणाऱ्याला विचारून घ्या. नसेल तर पाठवायच्या आधी शीटमध्ये रिकामी घरं गाळून बघायची, आणि त्याच वेळी लांबीच्या रकान्यात 134 च्या वर गेलेले निरोपही वेगळे काढायचे. ते साधारण पहिल्यांदा येणाऱ्या रुग्णांचे किंवा लांब नावाच्या शाखेचे असतात, आणि त्यांच्यापुरता शब्द हाताने कमी करता येतो.